सर प्रश्नोत्तरांना येणार आहेत, पण घोषणेचा मजकूर कळत नाहीये – दुरुस्त करायला मदत हवी

शुभदा_कागल
नमस्कार. आमच्या गावच्या ऊस उत्पादक गटातर्फे इथे एक एएमए ठेवतोय. मातीपरीक्षणात सगळी नोकरी घालवलेले एक निवृत्त कृषी अधिकारी यायला तयार झालेत, त्यांचं नाव घोषणेच्या दिवशीच टाकेन. आडसालीच्या लागणी जुलैच्या मध्यापासून सुरू होतात, त्याआधी लोकांना माती आणि खतांचं विचारता यावं म्हणून जूनच्या शेवटच्या रविवारी ठेवलंय. सर टाइप करूनच उत्तरं देणार, व्हिडिओ नाही.

मजकूर गटातल्या एकांनी लिहिलाय. मी तो भावाला वाचायला दिला, त्यानं पूर्ण वाचला आणि विचारलं, "म्हणजे सरांना फोन करायचा का?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मजकूर असा:

"नमस्कार मंडळी! आपल्या सर्वांसाठी एक अत्यंत आनंदाची बातमी! ऊस शेतीतील प्रदीर्घ अनुभव असलेले, शेतकऱ्यांचे लाडके मार्गदर्शक आदरणीय सर खास आपल्या भेटीला येत आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी सर आपल्याशी मनमोकळ्या गप्पा मारणार आहेत. ऊस, माती, खते, पाणी अशा सर्व विषयांवर आपण सरांना काहीही विचारू शकता. तरी सर्वांनी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहून या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती. आपले प्रश्न तयार ठेवा!"

काय काढू, काय घालू?

उसाचा_फड
ताई बरं झालं सर येत्यात. माझा खोडवा पिवळा पडलाय, शिरोळकडची जमीन हाय, युरिया टाकला तरी हिरवा हुईना. काय टाकू?

डिझाइन_राजारामपुरी
मजकूर वाचतंय कोण आजकाल. एक झकास पोस्टर करा, सरांचा फोटो, वर मोठ्या अक्षरात तारीख, खाली क्यूआर कोड. प्रश्नांसाठी गुगल फॉर्म. मी करून देतो, पैसे नकोत.

रंकाळाकट्टा
शुभदाताई, अशी सत्रं मी इथे बरीच चालवलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावानं जे विचारलं त्यातच सगळं आलं. "भेटीला येत आहेत", "गप्पा मारणार", "उपस्थित राहून", हे तिन्ही शब्द हॉलमधल्या कार्यक्रमाचे आहेत. वाचणारा खुर्च्या आणि चहा डोळ्यापुढे आणतो आणि मग विचारतो कुठल्या हॉलमध्ये. टाइप करून प्रश्न, टाइप करून उत्तर, हे मजकुरात कुठेच नाही. पहिल्यांदा तेच लिहा.

दुसरं वेळेचं. आपल्या सत्राला वेळ एक नसते, दोन असतात. प्रश्न कधीपासून कधीपर्यंत टाकायचे ही एक, आणि सर उत्तरं कधी देणार ही दुसरी. बहुतेक घोषणांत फक्त दुसरी लिहितात. मग होतं काय, सगळे रविवारी त्या वेळेलाच प्रश्न टाकायला येतात, एकाच वेळी चाळीसेक प्रश्न पडतात, सर वरून खाली वाचत बसतात आणि उत्तरं निम्म्यांनाच मिळतात. प्रश्न आठवडाभर आधी घ्या. सरांना वाचायला सवड मिळते, एकसारखे प्रश्न एकत्र करता येतात, आणि ज्याला रविवारी जमणार नाही त्यालाही उत्तर मिळतं. पण हे लोकांना आपोआप कळत नाही. "रविवारी हजर नसलात तरी चालेल, उत्तर इथेच राहील" हे वाक्य लिहावंच लागतं.

"येत्या रविवारी" तर लगेच काढा. तुमचा मेसेज गटागटांत फिरणार, कुणाला शुक्रवारी मिळेल, कुणाला सोमवारी, आणि सोमवारी वाचणाऱ्याचा येता रविवार वेगळा असतो. तारीख, वार, महिना, वर्ष सगळं लिहा. वर्ष कशाला म्हणाल तर जुने मेसेज पुढच्या जूनमध्ये पुन्हा फिरतात, माझ्या एका सत्राचा अजून फिरतोय.

शुभदा_कागल
दोन वेळांचं डोक्यातच आलं नव्हतं. रविवार २८ जून २०२६ आहे. आम्ही संध्याकाळी ६ ते ८ म्हणत होतो.

गुरुजी_गारगोटी
६ ते ८ नको. ती डेअरीला दूध घालायची वेळ. ज्यांच्यासाठी सत्र आहे तीच माणसं तेव्हा किटली घेऊन रांगेत असतात. रात्री ८:३० ते १० ठेवा, जेवणं होतात तोवर.

आणि मजकुराबद्दल थोडं. "नम्र विनंती", "आदरणीय" हे शब्द सगळे काढून टाकू नका. सर ज्येष्ठ आहेत, गावाकडची माणसं वाचणार आहेत. फक्त त्यांची जागा शेवटी ठेवा.

दुबईत_उचगावकर
शेत घरचं आहे, मी इकडं आहे, प्रश्न मीच विचारणार. भारतीय वेळ असं लिहा प्लीज. इथे आम्ही दीड तास मागे आहोत, रात्री ८:३० म्हणजे माझे ७. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गटाच्या कार्यक्रमाला "रात्री ८" वाचून माझ्या ८ ला बसलो, तोवर सगळं संपत आलं होतं.

वैदेही_पी
@डिझाइन_राजारामपुरी पोस्टर करा, छान दिसेल, पण नुसतं पोस्टर नको. माझे काका डोळ्यांनी बघू शकत नाहीत, फोन त्यांना वाचून दाखवतो. चित्रातला मजकूर त्यांच्या फोनला वाचता येत नाही, "फोटो" एवढंच ऐकू येतं. ते स्वतः अडीच एकर ऊस करवून घेतात आणि प्रश्न विचारायला सगळ्यात पुढे असतात.

डिझाइन_राजारामपुरी
@वैदेही_पी हे बरोबर आहे, पोस्टरसोबत मजकूर ठेवूच. पण फॉर्म तरी ठेवा की, सगळे प्रश्न एका शीटमध्ये येतात, मातीच्या रिपोर्टचा फोटोपण जोडता येतो.

रंकाळाकट्टा
शीटचं खरं आहे, आयोजकाला फॉर्म सोयीचा पडतो. पण फोटो जोडायची सोय ठेवली की फॉर्म उघडणाऱ्याला गुगल खात्यात साइन इन करावंच लागतं, आणि गावाकडं कितीतरी जणांचं खातं पोरानं काढून दिलेलं असतं, पासवर्ड पोराकडं. तिथंच अडकतात. दुसरं म्हणजे फॉर्ममधले प्रश्न दुसऱ्याला दिसत नाहीत. धाग्यात प्रश्न टाकला तर पुढचा वाचतो आणि म्हणतो अरे माझं हेच होतं, वेगळं विचारायची गरज नाही. फॉर्ममध्ये एकच प्रश्न दहा जण पाठवतात.

आणि पोस्टरवर तारीख चुकली तर काय करणार? इथला मजकूर तुम्हाला कधीही बदलता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण त्याआधी कुणी पुढे ढकलला असेल तर ती प्रत तशीच फिरत राहते, चित्राचं तर विचारूच नका. म्हणून गटांवर थोडक्यात चार ओळी आणि धाग्याची लिंक. सविस्तर सगळं धाग्यात. वेळ बदलली तरी लिंक उघडणाऱ्याला नवीनच वेळ दिसेल.

उसाचा_फड
माझ्या खोडव्याचं कुणी सांगंना

रंकाळाकट्टा
@उसाचा_फड भाऊ, सांगतो, आणि शुभदाताई हे तुम्हीही बघा, कारण तुमच्या घोषणेत नेमकं काय कमी आहे ते यातून कळतं.

पिवळा म्हणजे कोणती पानं? शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, असं असेल तर बहुतेक लोह कमी पडतंय, चुनखडी जमिनीत खोडव्याला हे फार होतं, आणि तिथं युरिया कितीही टाकला तरी हिरवा होत नाही. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पाणी साचत असेल किंवा जमीन क्षारपड झाली असेल तर आणखी तिसरंच. शिरोळकडं क्षारपड जमीन भरपूर आहे, त्यामुळे सामू आणि क्षारांचा आकडा बघितल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगणार नाही, सरही नाही.

म्हणजे बघा, यांचा प्रश्न खरा आहे, पण सरांना उत्तर द्यायला चार गोष्टी परत विचाराव्या लागतील. रविवारी दीड तासात ही उलटी विचारणा परवडत नाही. घोषणेतच लिहा की प्रश्नात हे हे सांगा: जात, लागण की खोडवा, पिकाचं वय, कोणती पानं, आतापर्यंत काय टाकलं, आणि मातीचा रिपोर्ट असेल तर त्याचा फोटो.

उसाचा_फड
शेंड्याचीच पिवळी हायत. शिरा हिरव्या. रिपोर्ट न्हाई काढला.

माळावरचा
बापरे एवढं सगळं भरायचं तर शेतकरी प्रश्नच विचारायचा नाही. ७/१२ पण जोडायला लावा म्हणजे झालं 😄

शुभदा_कागल
@माळावरचा हसू आलं, पण मुद्दा बरोबर आहे. "जेवढं माहीत असेल तेवढं" असं लिहिते. रिपोर्ट नसला तरी विचारता येईल हे स्पष्ट ठेवते.

विषयांचं काय करू? सरांनी स्वतःच सांगितलंय की माती आणि खतं एवढंच नीट सांगू शकेन. हुमणीचं थोडंफार सांगेन म्हणाले, पण औषधांचं नको. मजकुरात मात्र "सर्व विषय" आणि "काहीही" आहे.

माळावरचा
काहीही म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येणार उसाला दर किती मिळणार, दुसरा तोडणी टोळी कधी येणार. पैज लावा.

रंकाळाकट्टा
पैज नको, येणारच. आणि त्यात लोकांची काही चूक नाही, दर आणि तोड हेच त्यांच्या डोक्यात असतं. म्हणून काय नाही हे घोषणेत एका ओळीत लिहा: दर, एफआरपी, तोडणी, कर्ज, यावर सर उत्तर देणार नाहीत. आधी लिहिलेलं असलं की असा प्रश्न आला तर तुम्ही नम्रपणे त्या ओळीकडे बोट दाखवू शकता. न लिहिता प्रश्न उडवला तर लोक म्हणतात आमचं तोंड दाबलं.

विषय लिहिताना "माती, खते" एवढ्यावर थांबू नका. दोन-तीन नमुना प्रश्न द्या. "आडसालीच्या लागणीला किती खत कधी टाकू", "मातीच्या रिपोर्टमधला सेंद्रिय कर्ब वाचायचा कसा", "पूर येऊन गेलेल्या शेतात नमुना कधी घ्यायचा". पंचगंगेकाठच्या माणसाला तिसरा प्रश्न वाचला की लगेच कळतं हे आपल्यासाठी आहे. विषयाच्या नावानं ते होत नाही.

गुरुजी_गारगोटी
मला मात्र हे फार बांधीव वाटतं. मनमोकळ्या गप्पांत जे बाहेर येतं ते ठरवून विचारलेल्या प्रश्नांत येत नाही. आमच्याकडे एकदा असेच एक तज्ञ आले होते, त्यांनी खतांवर बोलता बोलता पाचट न जाळता कुजवण्याचं सांगितलं, तेच सगळ्यांच्या कामी आलं. ते विषयात नव्हतं.

रंकाळाकट्टा
गुरुजी, पाचट तर मातीच्याच विषयात बसतं. पण तुमचं म्हणणं समजलं. मी शेवटची वीस मिनिटं मोकळी ठेवतो, "यात न बसणारं पण माती-खताच्या जवळचं काही असेल तर ९:४० नंतर विचारा" असं. कधी चालतं, कधी कुणीच येत नाही.

शुभदा_कागल
सगळं जमवून पुन्हा लिहिलं. पहिल्या ओळीतच महत्त्वाचं आणलंय, कारण मोठा मेसेज व्हॉट्सअॅप अर्ध्यात दुमडतं आणि "आणखी वाचा" दाबणारे थोडेच. वाचा आणि सांगा:

---
ऊस: माती आणि खतांवर तुमचे प्रश्न, निवृत्त कृषी अधिकाऱ्यांची लेखी उत्तरं. रविवार २८ जून २०२६, रात्री ८:३० ते १० (भारतीय वेळ), याच धाग्यावर

प्रश्न आत्तापासून टाकता येतील. शुक्रवार २६ जून रात्री १० पर्यंत आलेल्या प्रश्नांना सर आधी उत्तर देतील. त्यानंतर आलेले प्रश्न वेळ उरली तर.

प्रश्न कसा पाठवायचा: या धाग्याखाली प्रतिसाद लिहा. एका प्रतिसादात एकच प्रश्न. फोन करायचा नाही, कुठे यायचं नाही. रविवारी तुम्ही नसलात तरी उत्तर तुमच्या प्रश्नाखाली राहील.

प्रश्नात माहीत असेल तेवढं सांगा: उसाची जात, लागण की खोडवा, किती महिन्यांचा, आतापर्यंत कोणतं खत टाकलं. पानं पिवळी असतील तर शेंड्याची की खालची. मातीचा रिपोर्ट असेल तर फोटो जोडा, त्यावरचं नाव आणि गट नंबर झाकून. रिपोर्ट नसला तरी विचारा.

यावर विचारा: आडसालीला खत किती आणि कधी, रिपोर्ट कसा वाचायचा, क्षारपड जमीन, पूर आलेल्या शेतातला नमुना, पाचट.

यावर उत्तर मिळणार नाही: उसाचा दर, एफआरपी, तोडणी, कर्ज, कीडनाशकं.

शेवटची वीस मिनिटं, ९:४० नंतर, माती-खताच्या जवळचं दुसरं काही असेल तर मोकळेपणानं विचारा.

आदरणीय सरांनी आपल्यासाठी वेळ काढलाय. प्रश्न जरूर पाठवा, ही नम्र विनंती.
---

वैदेही_पी
"गट नंबर झाकून" हे फार चांगलं केलंत. काकांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच विचारलं, "२६ नंतर टाकला तर चालेल का नाही चालेल?" म्हणजे "वेळ उरली तर" हे नीट पोचलं नाही.

दुबईत_उचगावकर
वेळ एकदम कळली. मला ७ वाजता बसायचंय 👍

रंकाळाकट्टा
चांगलं झालंय. काकांसाठी "त्यानंतरही टाका, पण उत्तराची खात्री नाही" असं करा. आणि अगदी वर एक ओळ रिकामी ठेवा, ती तुम्ही बदलत राहायची: आज "प्रश्न घेणं सुरू", शुक्रवारी रात्री "उशिराचे प्रश्न शेवटी", रविवारी "सर आत्ता उत्तरं देतायत", नंतर "सत्र संपलं, उत्तरं खाली आहेत". महिन्याभरानं लिंक उघडणाऱ्यानं प्रश्न टाकून वाट बघत बसू नये म्हणून.

एक तपासणी करून बघा. धागा न वाचलेल्या तिघांना फोनवर फक्त हा मजकूर पाठवा आणि दहा मिनिटांनी विचारा: कधी आहे, कशावर आहे, प्रश्न कुठे टाकणार? मजकूर पुन्हा न बघता सांगायला लावा. "कळलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

शुभदा_कागल
केलं. भाऊ, शेजारच्या काकू आणि गटातले एक दादा. तारीख-वेळ तिघांनी बरोबर सांगितली. विषयही. प्रश्न कुठे टाकणार यावर भाऊ म्हणाला धाग्यावर, दादाही. काकू म्हणाल्या, "मी तुला व्हॉईस पाठवीन की, टाइप कोण करतंय."

माळावरचा
काकूंनी सगळ्यांच्या मनातलं सांगितलं.

डिझाइन_राजारामपुरी
मग व्हॉट्सअॅप नंबर द्या की एक. माझं मत, दोन वाटा असल्या तर बिघडत नाही.

रंकाळाकट्टा
बिघडतं. नंबर घोषणेत गेला की तो वर्षभर फिरतो आणि ताईंना रात्री-अपरात्री फोन. शिवाय दोन वाटा लिहिल्या की लोक दोन्हीकडे टाकतात, आणि एकीकडं उत्तर मिळालं नाही की रुसतात.

गुरुजी_गारगोटी
मला पटत नाही. टाइप न करणाऱ्यांचा ऊस काही कमी नाही. गावागावात एकेक जण ठरवा, ज्याला शेजारपाजारचे लोक तोंडी सांगतील आणि तो धाग्यावर लिहील. घोषणेत एवढंच लिहा: "टाइप करणं जमत नसेल तर घरातल्या किंवा गटातल्या कुणाकडून लिहून घ्या." नंबर लागत नाही.

शुभदा_कागल
गुरुजींची ओळ घालते. काकूंचं मी लिहीन. पण बाकी गावांत असं कोण लिहून देईल ते अजून ठरलेलं नाही, आणि व्हॉईसचं आमच्या गटात निम्मे हो निम्मे नाही आहेत. कागलमधल्या कुणाला लिहून द्यायला जमणार असेल तर इथे सांगा.

वैदेही_पी
कागल नाही, पण गडहिंग्लजकडच्या दोन-तीन गावांचं मी करते. फोनवर ऐकून लिहीन.

उसाचा_फड
लिवलं बघा. प्रश्न: को ८६०३२, खोडवा, चार महिन्याचा, शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, युरिया दोनदा टाकला, रिपोर्ट न्हाई. काय करू?

रंकाळाकट्टा
वा, याच्यावर सरांना लगेच उत्तर देता येईल. फक्त भाऊ, हा धागा मजकुराचा आहे, सर इथे बघणार नाहीत. शुभदाताई प्रश्नांचा धागा उघडतील तिथे हेच जसंच्या तसं टाका. आणि ताई, तुमच्या मजकुरात "याच धाग्यावर" आहे, तो गटांवर पाठवाल तेव्हा "याच" म्हणजे कुठला ते कळायचं नाही. तिथे लिंक घाला.

शुभदा_कागल
हो, गटांवरच्या चार ओळींत "याच" काढून लिंक घालते. नवीन धागा आज रात्री उघडते, लिंक इथे खाली देईन.